पाळी गेली म्हणून तपासणी संपत नाही: स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुम्ही घेतलेले पॅप स्मिअर आणि गर्भाशयमुखाच्या बायोप्सी माझ्याकडे येतात. बाई मला दिसत नाही, तिच्याबरोबर आलेला फॉर्म दिसतो. वय, पाळीची माहिती, आधीचा रिपोर्ट, तक्रार. चाळिशीच्या सुरुवातीला या फॉर्मवर आधीच्या रिपोर्टची तारीख बऱ्याचदा असते. पन्नाशी ओलांडली की त्या रकान्यात "माहीत नाही" किंवा "८-१० वर्षांपूर्वी" असं दिसू लागतं. मग वाटतं, मधल्या काळात कुणीतरी तिला सांगितलेलं असणार, "पाळी गेली ना, आता कशाला?"

कधी हे ती स्वतःच ठरवते. पण पुष्कळदा तिनं विचारलेलं असतं आणि उत्तर आपल्यापैकी कुणीतरी दिलेलं असतं. म्हणून हे पत्र तिला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. नमुना घेणाऱ्या सिस्टरनीही वाचावं, कारण यातला बराचसा भाग त्यांच्या हातात आहे.

पाळीचा संबंध अंडाशयाशी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा संबंध एचपीव्ही या विषाणूशी. हेराल्ड झुर हाउझेन यांच्या गटानं १९८३ साली एचपीव्ही १६ हा प्रकार या कॅन्सरमध्ये शोधून काढला आणि त्या कामासाठी झुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून एवढं पक्कं झालंय की हा आजार हार्मोनच्या चढउतारांनी सुरू होत नाही आणि हार्मोन कमी झाले म्हणून थांबतही नाही. एचपीव्हीची लागण बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होते आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. काहींच्या बाबतीत तो टिकून राहतो. टिकलेल्या विषाणूमुळे बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला, रोगप्रतिकारशक्ती चांगली असेल तर, साधारण १५ ते २० वर्षं लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे अडतिसाव्या वर्षी टिकलेल्या लागणीचा हिशेब त्रेपन्न ते अठ्ठावन्नच्या आसपास पुरा होतो, आणि नेमक्या त्याच वर्षांत आपण तिला मोकळं करतो.

"मिस्टर जाऊन पंधरा वर्षं झाली, मला कशाला ही तपासणी?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. उत्तर वरच्या हिशेबातच आहे. आज एचपीव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे लागण आत्ताची आहे असं नाही. ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची असू शकते, मधे दबून राहून आता टेस्टमध्ये दिसण्याइतकी वर आलेली. हे रिपोर्ट हातात देताना आपणहून सांगा. नाहीतर ती बाई घरी जाऊन नवऱ्यावर संशय घेते, नवरा तिच्यावर घेतो, आणि पुढची तपासणी राहते बाजूला.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. पाळी गेल्यावर तपासणी चालू ठेवा असं म्हणणं सोपं आहे. पण ती चाळिशीत करत होतो तशीच करून चालत नाही. शरीर बदललेलं असतं आणि नमुना फसवतो.

गर्भाशयमुखावर दोन तऱ्हेच्या पेशी जिथे भेटतात तो पट्टा म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन झोन. कॅन्सरआधीचे बदल बहुतेक तिथेच सुरू होतात. तरुणपणी हा पट्टा बाहेरच्या बाजूला असतो, स्पेक्युलम लावलं की समोर दिसतो. इस्ट्रोजेन कमी होत गेलं की बाहीची दुमड आत वळावी तसा तो गर्भाशयमुखाच्या नळीत आत सरकतो. बाहेरून पाहणाऱ्याला गुळगुळीत, फिकट, निर्दोष गर्भाशयमुख दिसतं. बघायची जागा मात्र नजरेच्या पलीकडे गेलेली असते.

म्हणूनच ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघण्याची व्हीआयए तपासणी या वयात भरवशाची नाही. ट्रान्सफॉर्मेशन झोन पूर्ण दिसत नसेल तर ही तपासणी करू नये, हे तिच्या नियमातच आहे. ज्या ठिकाणी दुसरं काहीच उपलब्ध नाही तिथली अडचण मी समजू शकते. पण ५५ वर्षांच्या बाईच्या कार्डावर "व्हीआयए निगेटिव्ह" एवढंच लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ "जो भाग दिसला त्यात काही नव्हतं" इतकाच. "पट्टा दिसला नाही" हे त्यापुढे लिहिलं नाही, तर पुढचा डॉक्टर तो रिपोर्ट नॉर्मल समजून चालतो.

एक केस सविस्तर मांडते. ती कुणा एका बाईची नाही. अनेकींच्या रिपोर्टमधून येणारा क्रम दिसावा म्हणून जुळवून घेतलेली आहे.

वय ५४. पाळी जाऊन ४ वर्षं. शेवटचा स्मिअर ४६ व्या वर्षी, नॉर्मल. तक्रार काहीच नाही, कोरडेपणा सोडून. स्पेक्युलम लावताना दुखलं, म्हणून नमुना घाईघाईत घेतला गेला. ब्रश नळीत नीट गेला नाही. माझ्याकडे आलेल्या नमुन्यात पेशी फार कमी होत्या. लिक्विड पद्धतीच्या स्मिअरमध्ये साधारण ५,००० तरी स्क्वेमस पेशी असाव्यात असा संकेत आहे. कोरड्या, पातळ झालेल्या त्वचेतून त्याहून कमी मिळणं नवीन नाही, पण इथे त्याहीपेक्षा खूप कमी होत्या. रिपोर्ट गेला, "अनसॅटिस्फॅक्टरी".

इथे पहिली गडबड होते. हा शब्द वाचून बाई समजते की काहीतरी वाईट निघालं. दवाखान्यात कुणीतरी समजतं की म्हणजे काही निघालं नाही. दोन्ही चूक. याचा अर्थ तपासणी झालेलीच नाही. ती साधारण २ ते ४ महिन्यांच्या आत पुन्हा करायची असते. फाइलमध्ये तारीख आहे, रिपोर्टचा कागद आहे, म्हणजे तपासणी झाली असं धरून पुढची तारीख तीन वर्षांनंतरची दिली जाते, तेव्हा ती तारीख येईपर्यंत त्या बाईची प्रत्यक्षात अकरा वर्षांत एकही तपासणी झालेली नसते.

(रिपोर्टमध्ये कधी "ट्रान्सफॉर्मेशन झोनच्या पेशी दिसल्या नाहीत" अशी वेगळी ओळ असते. ती असली म्हणून नमुना बाद होत नाही. या दोन्हींत गल्लत करू नका, एवढं सांगून पुढे जाते.)

पेशी पुरेशा असत्या तरी या वयाचा स्मिअर वाचणं अवघडच. इस्ट्रोजेन असतं तेव्हा पेशी पिकत पिकत वर येतात, मोठ्या, पसरट होतात, केंद्रक बारीक होतं. इस्ट्रोजेन गेलं की त्या अर्धवट राहतात. स्लाइडवर दिसतात लहान, गोल पॅराबेसल पेशी, ज्यांत केंद्रकानंच बरीचशी जागा व्यापलेली असते. आजूबाजूला सुजेच्या पेशी, कणीदार कचरा, काही सुटी केंद्रकं. आणि कॅन्सरआधीच्या वरच्या दर्जाच्या बदलातली पेशी कशी दिसते? तीही लहान, तिच्यातही केंद्रकानं जास्त जागा व्यापलेली. या साधर्म्यामुळे दोन्ही बाजूंनी फसायला होतं. निरोगी, नुसत्या कोरड्या पडलेल्या गर्भाशयमुखाला "संशयास्पद" शेरा मिळतो, आणि कधी पॅराबेसल पेशींच्या गर्दीत खरा बिघडलेला पुंजका दडून राहतो.

यावर जुना आणि चांगला उपाय आहे. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम काही आठवडे वापरायला द्यायचं, नमुना घ्यायच्या काही दिवस आधी थांबवायचं, आणि मग पुन्हा स्मिअर घ्यायचा. निरोगी पेशी इस्ट्रोजेन मिळताच पिकतात, मोठ्या होतात. बिघडलेल्या पेशी तशा पिकत नाहीत, त्या लहानच राहतात. आधी सगळं एकसारखं दिसत होतं, आता वेगळ्या पेशी उठून दिसतात. माझ्या कामात इतका स्पष्ट फरक फार कमी ठिकाणी बघायला मिळतो. मात्र बाईला स्तनांचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा त्यावरची हार्मोनविरोधी औषधं चालू असतील, तर क्रीम लिहिण्याआधी तिच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोलून घ्या. आणि फॉर्मवर "इस्ट्रोजेन दिले" असं लिहायला विसरू नका. ते माहीत नसेल तर ५४ वर्षांच्या बाईच्या स्लाइडवर पिकलेल्या पेशी का दिसताहेत, याचा मला उगाच शोध घ्यावा लागतो.

दुसरा रस्ता जास्त सरळ, आणि जिथे मिळते तिथे माझं मत त्याच्याच बाजूनं आहे. तो म्हणजे एचपीव्ही डीएनए टेस्ट. ती पेशी कशी दिसते हे बघत नाही, विषाणूचा जनुकीय अंश शोधते. पेशी पिकलेली आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक तपासणी म्हणून याच टेस्टला पसंती दिली, सर्वसाधारण स्त्रियांसाठी ३० व्या वर्षापासून, ५ ते १० वर्षांच्या अंतरानं.

तर आपल्या केसमध्ये एचपीव्ही टेस्ट झाली. उत्तर आलं, पॉझिटिव्ह, प्रकार १६. विषाणूचे धोकादायक प्रकार डझनभर आहेत, पण १६ आणि १८ यांचा वाटा सर्वांत मोठा. हे दोन निघाले तर स्मिअर नॉर्मल असला तरी थेट कॉल्पोस्कोपी करायची. बाकीच्या प्रकारांत बहुतेक ठिकाणी आधी स्मिअर बघून पुढचं ठरवतात.

कॉल्पोस्कोपीत गर्भाशयमुख वरून स्वच्छ. ट्रान्सफॉर्मेशन झोन टाइप ३, म्हणजे पट्टा नळीत शिरलेला, पूर्ण दिसत नाही. इथे दुसरी गडबड होऊ शकते. "काही दिसलं नाही, सहा महिन्यांनी या." दिसलं नाही, कारण जागाच दिसली नाही. या केसमध्ये डॉक्टरांनी नळीच्या आतून खरवडून नमुना घेतला. त्यात माझ्याकडे वरच्या दर्जाचा बदल निघाला, ज्याला आपण सीआयएन ३ म्हणतो. पुढे विजेच्या तारेच्या लूपनं गर्भाशयमुखाचा तेवढा भाग, नळीतल्या पट्ट्यासह, काढला गेला. कडा मोकळ्या होत्या. कॅन्सर नव्हता. एकही दिवस रक्त गेलं नव्हतं, एकही तक्रार नव्हती.

यानंतरही ती मोकळी होत नाही, आणि हे फार कमी जणींना सांगितलं जातं. असा बदल काढल्यानंतर अमेरिकेतल्या कॉल्पोस्कोपी संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे ६ महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट, मग सलग तीन वर्षं दरवर्षी, आणि नंतर किमान २५ वर्षं ठराविक अंतरानं. मधे पासष्टी आली तरी. म्हणजे ही बाई ऐंशीच्या घरात जाईपर्यंत. तिच्या डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेलं नसेल, तर साठाव्या वर्षी नवा डॉक्टर तिला पुन्हा "आता कशाला" म्हणणार.

पुढचं बोलणं दुखण्याबद्दल. बायका परत येत नाहीत याचं एक मोठं कारण मागच्या वेळी दुखलं हे असतं, आणि नमुना अपुरा येण्याचंही कारण बऱ्याचदा तेच. लहान, अरुंद स्पेक्युलम वापरा. कोमट पाण्यानं ओलं करा. जेल लावायचंच तर अगदी थोडं, फक्त बाहेरच्या कडेला, आणि कोणतं जेल चालतं ते लॅबला आधी विचारून. काही जेलमधले घटक लिक्विड स्मिअरच्या प्रक्रियेत अडथळा आणतात आणि मला पेशींऐवजी जेलच दिसतं. कुशीवर वळवून तपासणी करता येते. स्पेक्युलम स्वतः आत सरकवू का असं तिनं विचारलं तर सरकवू द्या. आणि तरीही जमत नसेल तर थांबा. एचपीव्ही टेस्टसाठी नमुना बाई स्वतः योनीमार्गातून मऊ ब्रशनं किंवा स्वॅबनं घेऊ शकते, पडद्याआड, स्पेक्युलमशिवाय. पीसीआर पद्धतीच्या टेस्टमध्ये असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. स्वतः घेतलेल्या नमुन्यावर स्मिअर मात्र वाचता येत नाही. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली तर दवाखान्यात यावं लागेल, हे तिला आधीच सांगून ठेवा.

"पिशवी काढली आहे" हे उत्तर आलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. एक प्रश्न आणखी विचारा, तोंड ठेवलंय की काढलंय? काही शस्त्रक्रियांत गर्भाशयाचा वरचा भागच काढतात, गर्भाशयमुख तसंच असतं. अशा बाईची तपासणी इतर सगळ्यांसारखीच चालू राहते. गर्भाशयमुखासकट सगळं काढलं असेल, ते साध्या गाठी किंवा रक्तस्रावासारख्या कारणासाठी असेल आणि पूर्वी कधी वरच्या दर्जाचा बदल निघालेला नसेल, तर स्मिअरची गरज नाही. तिला उगाच बोलावूही नका. बाईला स्वतःला हे बहुधा माहीत नसतं. ऑपरेशनचा कागद नसेल तर स्पेक्युलम लावून एकदा बघितलं की कळतं.

आणि एक गोष्ट जी स्क्रीनिंगमध्ये मोडतच नाही. पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर कितीही थोडं रक्त दिसलं, तर ती तपासणीची तारीख येण्याची वाट बघायची वेळ नव्हे. मागच्या महिन्यातला नॉर्मल स्मिअर दाखवून तिला परत पाठवू नका. स्मिअर गर्भाशयमुखाबद्दल बोलतो. गर्भाशयाच्या अस्तराबद्दल किंवा अंडाशयाबद्दल तो काही सांगत नाही. तिची सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे अस्तराची बायोप्सी व्हायला हवी.

आता स्तनांकडे येते. मॅमोग्राफी वाचणं हे रेडिऑलॉजिस्टचं काम, माझ्याकडे येते ती सुईनं घेतलेली बायोप्सी. तरी दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण इथेही "पाळी गेली, आता हार्मोन नाहीत, आता काय होणार" हा समज तेवढाच खोलवर गेलाय.

अंडाशय थांबलं म्हणून शरीरातलं इस्ट्रोजेन शून्य होत नाही. चरबीच्या पेशींमधलं ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम ते बनवत राहतं, म्हणूनच पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढवतं. शिवाय वय हा सर्वांत मोठा धोक्याचा घटक आहे आणि ते पाळीबरोबर थांबत नाही. चाळिशीपेक्षा पन्नाशीत आणि पन्नाशीपेक्षा साठीत हा कॅन्सर जास्त आढळतो.

गंमत अशी, की नेमकी याच वयात तपासणी जास्त चांगली चालते. ४४ वर्षांच्या बाईच्या मॅमोग्राममध्ये ग्रंथींचं दाट ऊतक पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच दिसते. पांढऱ्यात पांढरं शोधायचं. पाळी गेल्यावर बऱ्याच जणींमध्ये ग्रंथी आकसतात, त्यांची जागा चरबी घेते, चरबी करडी दिसते, आणि छोटी गाठ तिच्यावर उठून दिसते. सगळ्यांचं असं होत नाही. काहींचे स्तन साठीतही दाट असतात, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर ते पुन्हा दाट होऊ शकतात, आणि अशांना सोनोग्राफीची जोड लागू शकते. म्हणून मॅमोग्राफीच्या फॉर्मवर हार्मोनच्या गोळ्यांची नोंद हवी. आणखी एक सोय म्हणजे, चाळिशीत पाळीनंतरच्या आठवड्यात या असं सांगावं लागतं, कारण आधी स्तन दुखरे असतात. पाळी गेल्यावर कुठलाही दिवस चालतो.

हाताला लागणाऱ्या गाठीबद्दलचा आपला अंदाजही या वयात बदलायला हवा. चाळिशीत पाळीआधी जाणवणारी आणि पाळीनंतर विरणारी गाठ एक महिना थांबून बघणं समजू शकतं. पाळी गेलेल्या बाईला नव्यानं गाठ लागली तर "हार्मोनची असेल, पुढच्या महिन्यात बघू" याला आधारच उरत नाही. मागच्या वर्षीचा मॅमोग्राम नॉर्मल असला तरीही. काही कॅन्सर, विशेषतः लोब्युलर जातीचे, मॅमोग्राममध्ये लपतात.

जिथे मॅमोग्राफीचं मशीन नाही तिथल्या डॉक्टरांसाठी एक अभ्यास मुद्दाम सांगते. टाटा मेमोरियलच्या गटानं मुंबईत दीड लाखांवर बायकांवर केलेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी करत होत्या. वीस वर्षांनंतर हिशेब केला तेव्हा ५० आणि त्यापुढच्या बायकांमध्ये स्तनांच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा ठळक फायदा दिसला नाही. ज्या वयात आपण हात आखडता घेतो, त्याच वयात साध्या हाताच्या तपासणीनं काम केलं होतं.

या तपासण्यांचं नुकसान सांगितलं नाही तर पत्र खोटं ठरेल. मॅमोग्राफीनंतर काही जणींना पुन्हा बोलावलं जातं, जादा फोटो, सोनोग्राफी, कधी बायोप्सी. त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो, पण मधले दिवस वाईट जातात. "पुन्हा बोलावलं म्हणजे निदान झालं असं नाही" हे तपासणीआधी सांगितलं तर ते दिवस थोडे तरी हलके होतात. याहून अवघड प्रश्न माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली येतो. दुधाच्या नळीतच असलेला, बाहेर न पसरलेला कॅन्सर मॅमोग्राफीमुळे जास्त सापडतो. त्यातले काही पुढे वाढतील, काही आयुष्यभर तसेच राहिले असते. स्लाइड बघून मी त्याचा दर्जा सांगते, पण या विशिष्ट बाईत तो पुढे काय करेल हे खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून उपचार जवळजवळ सगळ्यांवरच होतात. हे माहीत असूनही अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटानं २०२४ मध्ये ४० ते ७४ वयोगटाला दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली. दरवर्षी सुचवली नाही, यातही तोच विचार आहे.

मग थांबायचं कधी? दोन्ही तपासण्यांचं उत्तर वेगळं आहे आणि दोन्हींत पाळीचा उल्लेख नाही.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत वयापेक्षा जुने कागद बोलतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पन्नाशीनंतर योग्य अंतरानं केलेल्या सलग दोन तपासण्या निगेटिव्ह असतील तर थांबता येईल. ज्यांची कधीच तपासणी झालेली नाही अशा ५० ते ६५ वयाच्या बायकांना, पुढच्या उपचारांची सोय असेल तर, प्राधान्य द्यावं असंही ती सांगते. अमेरिकेत ही रेषा ६५ वर आहे, पण मागच्या दहा वर्षांत सलग तीन स्मिअर किंवा दोन एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह असण्याची अट घालून. ही अट बहुतेक वेळा वाचली जात नाही, आकडा तेवढा लक्षात राहतो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या माहितीप्रमाणे तिथल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी पाचात एकाहून जास्त पासष्टीनंतर आढळतात, आणि पासष्टीच्या आत नियमित तपासणी झालेल्या बायकांमध्ये ते क्वचितच दिसतात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, एचआयव्ही असेल किंवा पूर्वी वरच्या दर्जाचा बदल निघाला असेल तर अमेरिकेतली ही सूट लागूच होत नाही.

स्तनांच्या बाबतीत मागचे नॉर्मल मॅमोग्राम पुढची हमी देत नाहीत. तिथे थांबायचं ते वय आणि तब्येत बघून. पंच्याहत्तरीनंतर सरसकट सांगावं इतका पुरावा नाही. ठणठणीत बाईशी बोलून ठरवता येतं. हृदय किंवा मूत्रपिंड थकलेल्या बाईला त्या वयात लहानशी गाठ शोधून देण्यात तिचा काही लाभ नसतो.

तुम्हाला मागणं एवढंच. पन्नाशीनंतरच्या बाईचा नमुना पाठवताना फॉर्मवर शेवटच्या पाळीचं वर्ष, इस्ट्रोजेन चालू आहे का, गर्भाशयमुख आहे का आणि आधीच्या दोन तपासण्यांचं वर्ष व निकाल एवढं लिहा. आधीचं माहीत नसेल तर नुसतं "माहीत नाही" लिहू नका, रकाना रिकामाही सोडू नका. "आधीच्या तपासण्या झालेल्या नाहीत असे धरावे" असं लिहा, कारण हिशेब तसाच करायचा असतो. आणि जेव्हा खरंच थांबवाल, तेव्हा तिच्या हातातल्या कागदावर कोणती तपासणी थांबवली, कशाच्या आधारावर, आणि कोणती अजून चालू आहे ते लिहून द्या. ६६ वर्षांची बाई दोन निगेटिव्ह एचपीव्ही रिपोर्ट घेऊन आली तर तिचा गर्भाशयमुखाचा कागद तिथे बंद करा आणि पुढच्या मॅमोग्राफीची तारीख द्या. त्याच वयाची बाई रिकाम्या हातानं आली, तर तिची पहिली एचपीव्ही टेस्ट त्याच दिवशी घ्या.

आपली,
तुमच्या स्लाइड वाचणारी एक पॅथॉलॉजिस्ट